कॉम्प्युटरची संकष्टी

आईंचा चेहरा पडद्यावर गोठला तेव्हा त्यांचा हात हवेत होता. मोडी लिहिताना आधी पूर्ण ओळीची रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, हे त्या दाखवत होत्या. रेघ ओढून झाली होती. अक्षरं टांगायची राहिली.

समोरच्या चौतीस चौकोनांपैकी एकातून कुणीतरी म्हणालं की मॅडम, दिसत नाहीये. मग आवाजही तुटला. आईंनी माऊस हलवला, बाण जागचा हलला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात ओवीला कडेवर घेऊन उभी होते. भिंतीवरचं घड्याळ मी उगीचच बघितलं. वर्ग सुरू होऊन बावीस मिनिटं झाली होती आणि तो दीड तास चालायला हवा होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, भाग्यश्री. एकतीस वर्षं त्या एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात होत्या, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या खोलीत. तिथल्या कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. ते रुमाल सोडता सोडता त्या मोडी वाचायला शिकल्या आणि निवृत्तीनंतर आमच्या नारायण पेठेतल्या घरातून, बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, आठ-दहा जणांना फुकट शिकवायला लागल्या. आता एका संस्थेने सहा महिन्यांचा रीतसर वर्ग त्यांना द्यायचं ठरवलं होतं. त्याआधी हा एक चाचणी वर्ग.

संध्याकाळी संस्थेच्या सुदर्शन सरांचा फोन आला. ते फार गोड बोलले. तांत्रिक अडचणी येतात, पुढच्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा एकदा घेऊ, असं म्हणाले. तुकडी मात्र एक तारखेला सुरू व्हायची असल्यामुळे त्यानंतर तारीख उरत नाही, आणि एक तरुण शिक्षिकाही तयार आहेत, हेही त्यांनी तितक्याच गोड आवाजात सांगितलं. आई नुसत्या "हो, बरोबर आहे आपलं" म्हणत राहिल्या. फोन ठेवून त्या मंडईतून आणलेले मटार सोलायला बसल्या. रोज मटार सोलताना त्या ओवीच्या तोंडात दर चौथा दाणा टाकतात. त्या दिवशी ओवी आ करून बसून राहिली.

घरातल्या पुरुषांनी आपापल्या परीने धीर दिला. केयूर, माझा नवरा, हिंजवडीहून कंपनीच्या बसने दीड तास खर्चून घरी आला आणि बूट काढता काढताच म्हणाला की नवा घेऊन टाकू. त्याचा लॅपटॉप कंपनीचा, त्यावर घरातलं काही चालवता येत नाही. आईंनी नव्याला साफ नकार दिला. ह्याचा पडदा मोठा आहे, ह्याची बटणं हाताला माहीत आहेत, आणि घेऊन पुरती पाच वर्षं नाही झाली, असं त्यांचं म्हणणं. "तू पाच वर्षांचा होतास तेव्हा तूही हळूच चालायचास. आम्ही नवा नाही आणला," त्या म्हणाल्या. केयूरने आणखी एक पोळी घेतली.

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, जास्त नुकसान केलं. बाबांचं नाव श्यामसुंदर, सबंध आयुष्य गणित शिकवलेले. रविवारी सकाळी बातम्या वाचताना त्यांना एक जाहिरात दिसली, तुमचा कॉम्प्युटर मंद झाला आहे का. बायकोसाठी एवढं तरी करावं म्हणून त्यांनी त्यावर क्लिक केलं, आणि एक वेग वाढवणारं काहीतरी आमच्या यंत्रात येऊन बसलं. त्याने तपासणी करून दोन हजार तीनशे सतरा चुका काढल्या आणि त्या दुरुस्त करायचे पैसे मागितले. इतक्या चुका माझ्या वर्गातल्या पोरांनीही कधी केल्या नव्हत्या, असं बाबा जरा कौतुकानेच म्हणाले. त्यानंतर यंत्र सुरू व्हायला सात मिनिटं लागायला लागली.

ओवी व्हायच्या आधी मी पाच वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं आहे. सध्या माझ्या हातात फक्त दुपारचा दीड तास असतो, ओवीच्या झोपेचा. सोमवारी त्यातला एक तास खर्चून मी आईंसाठी यादी केली. दर महिन्याला कॉम्प्युटरसाठी काय काय करायचं, ते चौदा मुद्द्यांत, नीट टाइप करून. छापून दिली तेव्हा मला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं होतं. आईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि पेन्सिलीने शेवटी एक रेघ मारली.

"सूचना कळल्या. कारणं कुठे आहेत?"

मी म्हटलं, कारणं कशाला, नुसतं केलं तरी चालेल.

"एकतीस वर्षं मी सूचना पाळणारे बघितलेत," त्या म्हणाल्या. "कारण माहीत नसलं की माणूस नको तो कागद फाडतो."

गुरुवारी संकष्टी होती. आमच्याकडे संकष्टीला दुपारचा स्वयंपाक नसतो, साबुदाण्यावर भागतं आणि रात्री चंद्रोदयानंतर जेवण. त्यामुळे महिन्यातली तेवढी एकच दुपार आईंची स्वतःची असते. ओवीला थोपटून मी बाहेर आले तर आई कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या मांडून, वही उघडून बसलेल्या. बाबा पेपर तोंडासमोर धरून कोपऱ्यात, शिक्षा भोगत असल्यासारखे.

मी कारणापासून सुरुवात केली. सी ड्राइव्हची पट्टी दाखवली. ती लाल झाली होती. दोनशे सदतीस जीबीपैकी जेमतेम तीन मोकळे. मी सांगितलं की यंत्राला नुसतं साठवायला जागा लागत नाही, चालू काम पसरायलाही लागते. वर्ग घेताना चित्र दाखवायचं, आवाज पाठवायचा, शिवाय आपण वर्गाचं रेकॉर्डिंग करतो, ते सगळं कुठेतरी मांडावं लागतं. टेबल गच्च असेल तर मांडणार कुठे. म्हणून साधारण पाचवा हिस्सा तरी रिकामा हवा.

आईंनी वहीत लिहिलं, टेबल. मग म्हणाल्या की आमच्याकडे एकदा टेबलं इतकी भरली होती की साहेब खिडकीत बसून सह्या करायचे. पण ते निदान गोठले नाहीत.

पहिल्यांदा मी बाबांचं ते वेगवान काहीतरी काढून टाकलं. असलं काही घ्यायचं नाही, पैसे तर अजिबात द्यायचे नाहीत, हे मी पेपरच्या दिशेने बघून म्हटलं. पेपरने मान हलवली. मग यंत्र चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी उघडली. अकरा होत्या. एका छपाईयंत्राचा मदतनीस त्यात होता आणि ते यंत्र आम्ही दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिलं होतं. सुरक्षेच्या तीन होत्या त्या तशाच ठेवून बाकीच्या आठांची बटणं बंद केली. आईंनी विचारलं, हे पुसलं का. मी म्हटलं, नाही, फक्त बोलावल्याशिवाय यायचं नाही असं सांगितलं. हे त्यांना फार आवडलं.

डाउनलोड्सचं फोल्डर उघडून मी मोठ्यापासून लहानाकडे असं लावलं, आणि आम्ही दोघी पडद्याकडे वाकलो. मोडी पत्रांचे स्कॅन. मोठमोठे, एकेक दीड-दोनशे एमबीचा. त्यातल्या एका पत्राच्या नऊ प्रती, नावापुढे कंसात एक, दोन, तीन असं आठपर्यंत. आईंना एखादं पत्र लागलं की त्या ईमेल उघडून त्यावर क्लिक करायच्या, आणि दर वेळी त्याची नवी प्रत उतरायची. एकदा उतरवलेलं इथेच असतं, इथूनच उघडायचं, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. कचेरीत दुबार नोंदीसाठी मी पोरींना बोलायचे, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. आठ प्रती त्यांनी स्वतः निवडल्या, स्वतः काढल्या. मग दुसऱ्या पत्राच्या. मग तिसऱ्या. पोहे निवडावेत तशा.

शेवटी मी रिसायकल बिनवर गेले. माझ्या छापील यादीत तो चौथा मुद्दा होता, चार शब्दांचा, रिसायकल बिन रिकामा करा. काढलेलं सगळं तिथे जाऊन पडतं आणि तो रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही. मी रिकामा करायचं बटण दाबलं. एक छोटी चौकट आली. तपासणीच्या नोकरीतली सवय म्हणून ती मी मोठ्यांदा वाचली. ह्या तेराशे चार वस्तू कायमच्या काढून टाकायच्या, नक्की का.

"थांब," आई म्हणाल्या.

बाबांनी पेपर खाली केला.

"कायमच्या? तिथे माझे निकाली आहेत."

मला काही कळेना. मी माऊसवरून हात उचलला, जसा गॅसवरून उचलतात तसा. आईंनी सांगितलं ते असं. कचेरीत एखादं प्रकरण मिटलं की त्यावर निकाली असा शेरा मारून ते टेबलावरून हलवतात आणि रुमालात बांधून अभिलेख कक्षात पाठवतात. म्हणजे समोरून गेलं, पण गेलं नाही. कधीही मागवलं की मिळतं. कॉम्प्युटरवर त्यांनी तीच पद्धत लावली होती. विद्यार्थ्यांचा गृहपाठ तपासून झाला, लाल खुणा करून परत पाठवला, की आपली प्रत निकाली. डिलीट. ती कोपऱ्यातल्या टोपलीत जाते आणि टोपली उघडली की दिसते, हे त्यांनी स्वतः पडताळून बघितलं होतं. सव्वा वर्ष त्यांची सगळी तपासलेली पानं त्या टोपलीत जात होती, नीट, तारखेनुसार.

मी नाही म्हटलं त्या चौकटीला. मग टोपली उघडली, आणि जे सांगायचं ते सांगावं लागलं. ही टोपली म्हणजे अभिलेख कक्ष नाही. ही फाडायच्या कागदांची, फक्त अजून फाडलेले नाहीत. आणि तिला मापही असतं. ती भरली की सगळ्यात जुनं आपोआप जातं, कुणाला न विचारता. आम्ही तारखा बघितल्या. पहिल्या तीन महिन्यांचं एकही पान नव्हतं.

आईंनी ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवली. खाली भाजीवाला ओरडत गेला. ओवीने आत कूस बदलली, मी कान दिला, पण ती उठली नाही. मला वाटलं आता त्या म्हणतील, नको, घेऊ दे केयूरला नवा, नको ती तुकडी. चूक माझीही होती. चौदा मुद्दे लिहिताना त्या कॉम्प्युटर कसा वापरतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ते चार शब्द वाचून त्यांनी एकटीने बटण दाबलं असतं तर?

"उरलेली परत आण," त्या म्हणाल्या. आवाज कचेरीतला होता. "आणि तुझी यादी दे इकडे. पाठकोरी आहे ना?"

मी सगळी तपासलेली पानं निवडून परत जागेवर पाठवली आणि कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये निकाली नावाचं नवं फोल्डर करून त्यात घातली. आई तेवढ्यात माझ्या यादीच्या पाठीवर लिहीत होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, आणि मी तो अजून जपून ठेवला आहे.

कचेरीत कागदांचे चार वर्ग असतात. अ म्हणजे कायम जपायचं. ब तीस वर्षं. क पाच-दहा वर्षं. ड वर्षभर ठेवून नष्ट करायचं. आईंनी आमचा सगळा कॉम्प्युटर त्या चार वर्गांत बसवला होता. मूळ मोडी पत्रं, तपासलेली पानं, घरातले दाखले आणि ओवीचे फोटो अ. त्याची एक प्रत कॉम्प्युटरवर आणि एक केयूरच्या खणात धूळ खात पडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कारण अ वर्गाचा कागद एकाच ठिकाणी ठेवणं म्हणजे निष्काळजीपणा. जुन्या वर्गांची रेकॉर्डिंग ब, ती फक्त डिस्कवर न्यायची. चालू तुकडीचं क. आणि फुलांची सुप्रभात, दुबार प्रती, बाबांनी उतरवलेली सगळी कोडी ड.

मग दर संकष्टीचा क्रम, आणि प्रत्येक ओळीपुढे कारण. आधी सी ड्राइव्ह किती मोकळा ते दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं, म्हणजे महिन्याला किती भरतो ते कळतं. मग डिस्क जोडून अ ची प्रत घ्यायची आणि त्यातली कुठलीही दोन पानं उघडून बघायची, कारण न उघडलेली प्रत म्हणजे प्रत आहे असा नुसता समज. डिस्क काढताना आधी यंत्राला सांगून काढायची आणि कपाटात ठेवायची. मग डाउनलोड्स, मोठ्यापासून. मग तात्पुरत्या फाइली, सेटिंग्जमधून, आणि तिथे डाउनलोड्सच्या चौकोनात खूण नाही ना हे बघूनच, नाहीतर तेही जाईल. वर्षभर न वापरलेले प्रोग्रॅम काढायचे. जे काय आहे ते कळत नाही, त्याला हात लावायचा नाही, विचारायचं. मग आलेले अपडेट घ्यायचे आणि शेवटी रीस्टार्ट. नुसतं बंद करून चालू नव्हे. रोज बंद केलं तरी तो आतल्या आत थोडं जागं ठेवून निजतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी रीस्टार्ट, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी त्यापुढे कारण लिहिलं होतं, डुलकी ही झोप नव्हे. आणि कंसात ओवीचं नाव.

टोपलीपुढे मात्र एकच शब्द होता. नाश.

"नाश करायच्या आधी यादी करायची आणि वरिष्ठांची सही घ्यायची," आई म्हणाल्या. "सहीशिवाय कागद फाडलेला मी कुणाला खपवून घेतलेला नाही."

मी विचारलं, इथे वरिष्ठ कोण.

"तू. आणखी कोण आहे इथे?" असं म्हणून त्यांनी पेपरकडे एक नजर टाकली.

मी टोपलीतलं उरलेलं सगळं एकदा खालपर्यंत बघितलं आणि त्या पाठकोऱ्या कागदावर सही केली. नीरजा, तारीख, वेळ. नोकरी सोडल्यापासून मी कशावरही अशी सही केली नव्हती. मग टोपली आईंनी रिकामी केली. रेकॉर्डिंग डिस्कवर जायला संध्याकाळ झाली, ओवी उठून माझ्या मांडीत बसून ती हिरवी पट्टी सरकताना बघत होती. दिव्याच्या वेळेला सी ड्राइव्हवर एक्याण्णव जीबी मोकळे होते आणि लाल पट्टीची निळी झाली होती. आईंनी संकष्टीच्या चौकोनात दोन आकडे लिहिले, तीन आणि एक्याण्णव. चंद्र दिसल्यावर आम्ही जेवलो. बाबांनी दोन मोदक जास्त घेतले आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

मधल्या नऊ दिवसांत आईंनी मला तीनदा समोर बसवून वर्ग घेतला, पूर्ण दीड तास, रेकॉर्डिंगसकट. मी फोनवरून विद्यार्थिनी. यंत्र एकदाही अडलं नाही. ओवी मात्र दर वेळी अडली.

शनिवारी अकराला वर्ग होता. साडेदहाला आईंनी रीस्टार्ट केलं, यंत्र मिनिटाच्या आत उभं राहिलं, आणि वर्गाशिवाय दुसरं काही म्हणून उघडलं नाही. बाबांना दाराची घंटा वाजू न देण्याचं काम मिळालं होतं, ते खुर्ची टाकून दारातच बसले. केयूर ओवीला घेऊन आत. मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात, ह्या वेळी कडेवर कुणी नव्हतं आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

रेघ ओढून झाली. बावीस मिनिटं झाली. तेवीस. आईंनी अक्षरं टांगायला सुरुवात केली. क, ख, ग, एकातून दुसऱ्यात, हात न उचलता. आवाज स्वच्छ जात होता, चौकोन हलत होते. पन्नास मिनिटांनंतर मी श्वास सोडला, आणि नेमका तेव्हाच सुदर्शन सरांनी हात वर केला. ते म्हणाले, छानच चाललंय, पण गृहपाठ तपासण्याची आपली पद्धत समजून घ्यायची होती. आधीच्या कुणा विद्यार्थ्याचं तपासलेलं पान दाखवता येईल का. आत्ता जमत नसेल तर नंतर पाठवलं तरी चालेल.

आत्ता जमत नसेल तर, हे त्यांनी पुन्हा त्या गोड आवाजात म्हटलं. मी आईंच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही.

"कुणाचं दाखवू? वर्गात आमचे वैजनाथ बसलेत, त्यांचंच बघू."

वैजनाथ म्हणजे वाशिमकडचा, चाकणच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा, आईंच्या फुकटच्या वर्गातला. पाळी सांभाळून बसायचा. आईंनी कागदपत्रं उघडली. निकाली. त्यात वैजनाथ. त्यात जुलै. मी मनात मोजत होते, नऊपर्यंत पोचले तोवर पान पडद्यावर होतं. जुनं पिवळट पत्र, खाली त्याने केलेलं वाचन, आणि त्यावर आईंच्या बारीक लाल खुणा. एके ठिकाणी समासात लिहिलं होतं, हा ल नव्हे, घाई करू नये, पणजोबांना घाई नव्हती.

चौकोनांमध्ये हसू पसरलं. एक चौकोन मात्र जवळ आला. वैजनाथने आवाज चालू केला आणि जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, हे आमच्या पणजोबांचं पत्र. माझा फोन गेला त्यात माझ्याकडचं सगळं गेलं. मूळ कागद चुलत्यांकडे, ते देत नाहीत. हे तुमच्याकडे आहे?"

"दोन ठिकाणी आहे," आई म्हणाल्या. "अ वर्ग आहे तो. वर्ग संपला की पाठवते."

आणि त्या पुढच्या अक्षराकडे वळल्या, कारण चाळीस मिनिटं उरली होती.

दीड तास झाला, वर तीन मिनिटं. सगळे चौकोन एकेक करून मिटले. रेकॉर्डिंग जतन होतंय असं यंत्र म्हणालं, पट्टी शेवटपर्यंत गेली, फाइल आली. आईंनी ती उघडून सुरुवात बघितली, मधून बघितली, शेवट बघितला. तेव्हा कुठे त्या खुर्चीत मागे टेकल्या. दारातून बाबांनी विचारलं की आता घंटा वाजली तर चालेल का.

सुदर्शन सरांचा फोन दुपारीच आला. तुकडी आपलीच, म्हणाले, एक तारखेपासून. मग जरा थांबून त्यांनी विचारलं की नवा कॉम्प्युटर घेतलात वाटतं.

"नाही," आई म्हणाल्या. "आहे त्यालाच शिस्त लावली."

सरांनी ती शिस्त लिहून मागितली. त्यांचाही अडतो म्हणे. आता संस्थेच्या फलकावर आईंच्या हस्ताक्षरातल्या त्या पाठकोऱ्या कागदाचा फोटो लागला आहे, माझ्या सहीसकट, आणि तुकडीच्या पहिल्या दिवशी मोडीच्या आधी पंधरा मिनिटं अ ब क ड शिकवले गेले. चौतीसपैकी सहा जणांच्या टोपलीत जपून ठेवलेल्या वस्तू निघाल्या. आईंना ते ऐकून जो आनंद झाला, तो तुकडी मिळाल्याचाही झाला नव्हता.

पुढची संकष्टी शनिवारी आली. आईंनी एकटीने सगळं केलं. मी बोलावलं तरच जायचं ठरवून आत ओवीचे कपडे घड्या करत होते. फक्त टोपलीच्या वेळेला हाक आली. मी बघितलं, सही केली. चौकोनात आकडा आधीच पडला होता, पंच्याऐंशी. महिन्याला सहाने भरतो, आईंनी बाबांना सांगितलं, आणि बाबांनी लगेच तोंडी हिशेब करून सांगितलं की नुसतं बघत बसलो असतो तर सव्वा वर्षात पुन्हा गोठला असता.

तेवढ्यात ओवी आईंच्या मांडीवर चढली. समोर मोडीचा कोरा कागद होता. तिने आईंच्या बोटांतून पेन ओढून घेतलं आणि कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारली. वाकडी, पण न थांबता. मग पेन तसंच धरून आजीच्या तोंडाकडे बघत बसली, आता काय टांगायचं म्हणून.

केयूर धावत फोन घेऊन आला. पुन्हा मार, ओवी, पुन्हा मार, असं म्हणत त्याने तो तिच्यावर रोखला, बटण दाबलं, आणि त्याचा चेहरा पडला. फोनमध्ये जागा शिल्लक नव्हती. तो घाईघाईने काहीतरी पुसायला लागला.

आईंनी ओवीच्या मुठीतल्या पेनाला दुसऱ्या रेघेच्या सुरुवातीला आणून ठेवलं. वर न बघताच त्या म्हणाल्या, "घाईत काही फाडायचं नाही. आधी यादी कर. सही नीरजा करील."